धागा: दोघा भावांची हळदीची फर्म, पुढची पिढी आणि अडलेली एक सही

विश्रामबागकर
आमच्या लघुउद्योजकांच्या गटात दर महिन्याला एक केस चर्चेला असते. या वेळची इथे टाकतोय, म्हणजे बैठकीआधी चार डोकी लागतील. केस खरी आहे, पण नावं, आकडे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. 'हे अमुकच ना?' असं कृपया विचारू नका, सांगणार नाही.

सांगलीतली हळदीची फर्म. मार्केट यार्डात सौद्यात माल घ्यायचा, कुपवाड एमआयडीसीत दळायचा आणि पॅकेट करून विकायचा. वडिलांनी सुरू केली. १९९४ पासून दोघे भाऊ निम्मे-निम्मे भागीदार आहेत. भागीदारीपत्र तीन पानी, टाईप केलेलं, त्यानंतर कुणी उघडून पाहिलेलं नाही. थोरले अण्णा ६८ वर्षांचे, गेल्या दिवाळीत बायपास झाली. धाकटे बापू ६१.

अण्णांचा मुलगा रोहित १४ वर्षं धंद्यात आहे, खरेदी आणि कारखाना तोच बघतो. पगार महिना ४५ हजार, भागीदारी नाही. अण्णांची मुलगी लग्न होऊन पुण्यात. बापूंची मुलगी मृणाल पॅकेटचा धंदा सांभाळते. पाच-सहा वर्षांत तिनेच ब्रँड कोल्हापूर-बेळगावपर्यंत नेला, पण तिला 'हातखर्चाला' २० हजार मिळतात. बापूंचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता, आता परत यायचं म्हणतो आणि त्याला महिना सव्वा लाख हवेत.

अण्णा म्हणाले, आधी वर्षभर कारखान्यात उभा राहू दे, मग बघू. बापू म्हणाले, मुलाला घेत नसाल तर बँकेच्या सीसीच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जमर्यादेच्या, नूतनीकरणावर मी सही करणार नाही. हे घडलं फेब्रुवारीत. यार्डात नवीन हळद उतरायला लागलेली आणि १ कोटी ६० लाखांची मर्यादा बापूंच्या सहीवर अडकलेली.

प्रश्न असा: आता काय करायचं, आणि आधी काय लिहून ठेवलं असतं तर हे इथवर आलं नसतं?

अडत्या
यार्डात हयात गेली माझी. कागदानं घर टिकत नाही, घर टिकलं तर कागद टिकतो. पूर्वी थोरल्यानं शब्द टाकला की विषय संपायचा. आता पोरं शिकली, हिशेब मागायला लागली. मागू दे की, चूक काही नाही. पण एवढं अवघड करायचं कारण काय? अण्णांनी मृत्युपत्र करावं, निम्मा हिस्सा रोहितच्या नावावर लिहावा, बँकेत त्यालाच नॉमिनी लावावं. बापूंनी आपल्या पोरांचं तसंच करावं. मिटलं.

ऊसवाला
वाळवा तालुक्यात आमच्याकडे हेच झालं. भावांचं जमेना, मग तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज केला. मोजणी झाली, फेरफार झाला, सातबारा वेगळे झाले. आता बांधावर बसून एकत्र चहा पितात. यांनीही जागेचं खातेफोड करून घ्यावं.

विश्रामबागकर
ऊसवालादादा, ही शेतजमीन नाही. एमआयडीसीचा प्लॉट फर्मच्या नावे लीजवर आहे. सातबाराच नाही तर खातेफोड कशाची करणार? आणि प्लॉट मधोमध कापला तर अर्धी चक्की कुणाच्या वाट्याला?

कोर्टाबाहेर
मी सांगलीत वकिली करते. अडत्याकाकांचं निम्मं बरोबर आहे. मृत्युपत्र हवंच, पण मृत्युपत्राने भागीदार होता येत नाही.

भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. तिघे-चौघे भागीदार असतील तर 'कुणी गेलं तरी उरलेले फर्म चालू ठेवतील' असं कलम घालता येतं आणि ते चालतं. इथे भागीदार दोनच आहेत. उद्या अण्णांचं बरंवाईट झालं तर मागे एकटे बापू उरतात, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणजे कलम असलं तरी त्याचा उपयोग नाही. रोहितच्या हातात येतो तो अण्णांच्या हिश्श्याचा पैसा मागायचा हक्क. चक्की चालवायचा हक्क येत नाही. बापूंनी 'मला रोहित भागीदार नको' म्हटलं तर तिथेच विषय संपला.

शिवाय मृत्युपत्र नसेल तर अण्णांचा हिस्सा एकट्या रोहितकडे जातच नाही. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हयात असेल तर तीही, सगळे सारखे वाटेकरी. पुण्याची मुलगीसुद्धा.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे.

म्हणून या घरात पहिलं काम एकच. दोघेही हयात आणि शुद्धीत असताना रोहित आणि मृणालला थोड्या टक्क्यांनी का होईना, भागीदार करून घ्या. चार भागीदार झाले की एक गेल्याने फर्म कोसळत नाही. तसं कलम मात्र नवीन करारात घालावं लागेल.

साताऱ्याची लेक
वकील मॅडम, थोडं विषयांतर होतंय, पण माझीच गोष्ट आहे. साताऱ्यात आमचं कंदी पेढ्याचं दुकान. वडील गेल्यावर दीड महिन्यातच भावाने घराच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. भाऊबीज तोंडावर होती, मी केली. दुकान वडील आणि काकांच्या भागीदारीत होतं. आता विचारलं तर भाऊ म्हणतो, 'तू सगळं सोडलंयस.' खरंच सगळं सोडलं का मी?

कोर्टाबाहेर
ताई, हक्कसोडपत्र मिळवून वाचा. नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. मिळकतीचं वर्णन जिथे आहे तिथे फक्त घराचा सिटी सर्व्हे नंबर असेल तर सर्वसाधारणपणे तुम्ही घरापुरताच हक्क सोडलाय. शेवटी 'व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकतीतील' असं एखादं वाक्य असेल तर मात्र प्रकरण वेगळं, कागद घेऊन वकिलाकडे जा.

वडिलांच्या भागीदारीतल्या हिश्श्याचा हिशेब झाला नसेल आणि काका तोच पैसा वापरून दुकान चालवत असतील तर कायद्यात एक तरतूद आहे. त्या पैशामुळे झालेल्या नफ्यातला वाटा किंवा सालाना ६ टक्के व्याज, दोन्हींतलं एक मागता येतं. उशीर मात्र करू नका, मुदतीचा कायदा आडवा येतो.

साताऱ्याची लेक
'इतर सर्व' असं काहीतरी होतं असं अंधुक आठवतंय. बघते.

ताळेबंद
मी मिरजेत सीए आहे. वारसाहक्काच्या कलमांवर मी बोलत नाही, ते मॅडमचं काम. पण केस वाचताना मला वेगळीच गोष्ट खटकली. कोण आत येणार यावर सगळे भांडतायत, आणि एखाद्याला बाहेर पडायचं झालं तर काय भावाने, यावर १९९४ च्या करारात एक ओळ नाही. बापू सही अडवतात ते त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही म्हणून. दाराचा भाव ठरलेला असता तर ते म्हणाले असते, 'माझे पैसे द्या, मी चाललो.' अण्णाही विचार करून बोलले असते.

विश्रामबागकर, ताळेबंदाचे आकडे देता का? तोंडी चर्चेला अर्थ नाही.

विश्रामबागकर
देतो, बदललेले आहेत पण प्रमाण तेच ठेवलंय. पुस्तकात माल १ कोटी ८० लाख, येणी दीड कोटी, यंत्रं ४१ लाख, प्लॉट आणि इमारत १४ लाख. देणी बाजूला सीसी १ कोटी ६० लाख आणि व्यापाऱ्यांचे ५० लाख. भांडवल अण्णांचं १ कोटी १० लाख, बापूंचं ६५ लाख. बापूंनी पुण्याच्या फ्लॅटसाठी दोन वर्षांत ४० लाख उचलले, फरक मुख्यतः त्यामुळे दिसतो. घरातल्या सगळ्यांचे बाजारभावाने पगार धरले तर करापूर्वी नफा साधारण ६० लाख.

ताळेबंद
बरं. प्लॉट-इमारत १४ लाखांची नाही हे शेंबडं पोरही सांगेल. आजच्या भावाने २ कोटी ४० लाख धरू. यंत्रं ६० लाख. येण्यांतले २० लाख बुडीत धरू, कारण हळदीच्या धंद्यात दोन वर्षं न आलेला पैसा येत नाही. म्हणजे मालमत्ता ६ कोटी १० लाख, देणी २ कोटी १० लाख, निव्वळ ४ कोटी.

आता इथे लोक चुकतात. ४ कोटींचे निम्मे २ कोटी बापूंना द्या म्हणतात. पण बापूंनी ४० लाख आधीच नेलेत. बरोबर हिशेब असा. पुस्तकातलं एकूण भांडवल १ कोटी ७५ लाख, म्हणजे वाढलेली किंमत सव्वादोन कोटी. ती निम्मी-निम्मी, म्हणजे प्रत्येकी १ कोटी साडेबारा लाख. त्यात ज्याचं त्याचं भांडवल मिळवा. अण्णा २ कोटी साडेबावीस लाख, बापू १ कोटी साडेसत्त्याहत्तर लाख.

आता हे पैसे आणायचे कुठून? समजा २० टक्के लगेच आणि बाकी पाच वर्षांत, ९ टक्के व्याजाने. लगेच साडेपस्तीस लाख. राहिले १ कोटी ४२ लाख. पहिल्या वर्षीचा हप्ता २८ लाख ४० हजार, व्याज पावणेतेरा लाखांच्या वर, मिळून ४१ लाखांवर. फर्मला ६० लाखांवर ३१.२ टक्के कर गेल्यावर उरतात ४१ लाख आणि थोडे. व्याजाची वजावट मी मुद्दाम धरलेली नाही. तरी सांगायचं ते दिसतंय. सगळा नफा बापूंना, आणि पुढच्या सौद्यासाठी रोहितच्या हातात शून्य. हळद एका हंगामात चढली तर धंदा बसलाच.

तेच हप्ते आठ वर्षांचे केले तर पहिल्या वर्षी साडेतीस लाख जातात, दहा-अकरा लाख उरतात. ओढाताण होईल पण चक्की फिरेल. म्हणून करारात किंमत काढायची रीत एकटी लिहून भागत नाही, किती वर्षांत द्यायचे आणि वाईट वर्षी हप्ता पुढे ढकलता येईल का, हेही लिहावं लागतं. यात भागीदार बाहेर पडताना फर्मवर येऊ शकणारा कर मी धरलेला नाही. जागेची किंमत एवढी फुगलेली असताना तो किरकोळ नसतो. करार करण्याआधी तो आकडा वेगळा काढून घ्या.

रिटर्न तिकीट
मी स्वतः पुण्याची नोकरी सोडून इस्लामपूरला वडिलांच्या धंद्यात आलोय, त्यामुळे बापूंच्या मुलाची बाजू मांडतो. सव्वा लाख ऐकून सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, पण तिकडे तो त्याच्या दुप्पट कमवत असेल. '४५ हजारांत रोहितने काढली, तूही काढ' हा न्याय नाही. मुळात रोहितचा पगारच चुकीचा आहे. १४ वर्षं खरेदी सांभाळणारा माणूस बाहेरून आणला तर ४५ हजारांत येईल का?

अडत्या
येतोय की. आमच्याकडं बाहेरचा खरेदीदार पन्नास-पंचावन्नात मिळतो. पण तो हळद बघून ओल सांगंल का, ते मात्र विचारू नका. पोतं उघडून कांडी मोडली की आवाजावरनं वाळलेली कळती. रोहितला कळत असंल. सॉफ्टवेअरवाल्याला कळायला चार हंगाम जातील, आणि चुकून ओली हळद घेतली तर एका गाडीत त्याचा वर्षाचा पगार गेला.

फाउंड्री मिरज
रिटर्न तिकीट, तुमचा मुद्दा अर्धा पटला. आमच्याकडे तीन भाऊ आणि सात चुलत भावंडं आहेत. आम्ही ठरवलं ते एवढंच: पगार कामाचा, नफा हिश्श्याचा. दोन्ही एका पाकिटात घालायचे नाहीत. रोहितच्या ४५ हजारांत 'उद्या धंदा तुझाच आहे' हे न लिहिलेलं वचन घातलेलं आहे. म्हणून तो गप्प होता, आणि म्हणूनच आता चुलत भाऊ आला तर त्याला लुबाडल्यासारखं वाटणार. मृणालचं तर विचारूच नका, तिला वचनही नाही.

आमच्यात घरचं कुणी आत यायचं तर बाहेर तीन वर्षं नोकरी, आणि जागा रिकामी असली तरच. हा नियम आम्ही केला तेव्हा सगळ्यांची मुलं शाळेत होती. तेव्हा कुणाच्या पोराबद्दल बोलतोय असं वाटत नव्हतं. बापूंच्या मुलाने बॅगा भरल्यावर नियम करायला बसलात तर तो नियम राहत नाही, त्याच्याविरुद्धचा ठराव होतो.

एमबीए दुसरं वर्ष
सर, मला वाटतं यावर उपाय कुटुंबाचं संविधान. मोठ्या घराण्यांनी तसं केलंय. बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये डाबरचा रोजचा कारभार बाहेरच्या व्यावसायिकांकडे दिला. जीएमआरच्या घराण्याचं लेखी कुटुंबसंविधान आहे. या केसमध्येही मूल्यं, दृष्टी, प्रवेशाचे नियम असा दस्त करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर प्रश्न सुटेल.

कोर्टाबाहेर
मूल्यं लिहायला हरकत नाही, पण सही घेतली म्हणजे बांधलं गेलं असं नाही. सुप्रीम कोर्टाचा व्ही. बी. रंगराज हा १९९१ चा निकाल काढून वाचा, तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. दोन भावांची छोटी खासगी कंपनी, शेअर निम्मे-निम्मे. भावांमध्ये १९५१ मध्ये ठरलं होतं की दोन्ही शाखांचे शेअर कायम सारखे राहतील आणि कुणाला विकायचे झाले तर आधी आपल्याच शाखेला विचारायचं. पुढच्या पिढीत एकाने दुसऱ्या शाखेला शेअर विकले. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि कोर्टाने सांगितलं, शेअर हस्तांतरावरचं हे बंधन कंपनीच्या नियमावलीत नाही, म्हणून ते कंपनीवर बंधनकारक नाही. घरात काय ठरलं होतं ते बाजूला राहिलं.

तेव्हा यांनी उद्या प्रायव्हेट लिमिटेड केली तर घरचं ठरलेलं त्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, गेलंच पाहिजे. भागीदारीच राहिली तर भागीदारीपत्रात. आणि कंपनी केली म्हणून कोंडी फुटते असंही नाही. पन्नास-पन्नास टक्के शेअर ठेवले तर तीच अडवणूक आता संचालक मंडळाच्या बैठकीत होईल.

विश्रामबागकर
आणि कागद पक्का असला तरी भांडण होतच नाही असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, १९१० ची. त्या घराण्यात २००९ मध्ये रीतसर कौटुंबिक समझोता झाला होता. त्याच समझोत्याच्या कलमांवरून पुढे कोर्टकज्जे झाले, आणि जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्यस्थीचा विचार करा असं सुचवलं. कोण बरोबर, कोण चूक यात आपण पडायचं कारण नाही. एवढंच की समझोत्यात 'वाद झाला तर कुठे जायचं' हे किती नेमकं लिहायला हवं, ते यातून दिसतं.

अडत्या
वकीलबाई, एक विचारतो. आमच्या जुन्या लोकांत रीत होती. थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे करणाऱ्याला माहीत असायचं की वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडणार, म्हणून तो बरोबर करायचा. धंद्यात हे बसत नाही काय?

कोर्टाबाहेर
काका, नेमकं हेच कलम मोठ्या कंपन्यांच्या करारांत असतं. एकाने फर्मची किंमत सांगायची, दुसऱ्याने ठरवायचं की त्या भावाने विकतो का घेतो.

ताळेबंद
बसतं, पण एका अटीवर. दोघांच्या खिशात सारखा दम पाहिजे. इथे चक्की रोहितला चालवता येते आणि अण्णांकडे पैसा आहे. अण्णा मुद्दाम तीन कोटी किंमत सांगतील. बापूंना दिसतंय की खरी किंमत चार आहे, पण अण्णांचा हिस्सा घ्यायला लागणारे दीड कोटींहून जास्त पैसे आणायचे कुठून? पुण्याच्या फ्लॅटमध्ये अडकलेत. शेवटी पडत्या भावात विकून मोकळे होतील. वाट्याच्या रीतीत दोघेही वाटा उचलू शकायचे, इथे एकालाच उचलता येतो. म्हणून माझं मत, किंमत बाहेरच्या मूल्यांककाने काढावी, रीत आधीच ठरवावी, आणि दरवर्षी ताळेबंद झाल्यावर तो आकडा दोघांनी सही करून ठेवावा. भांडण नसताना सही केलेला आकडा भांडणात उपयोगी पडतो.

फाउंड्री मिरज
आम्ही तेच करतो, दरवर्षी सप्टेंबरमध्ये. दोन वर्षं केलं, तिसऱ्या वर्षी कंटाळा केला आणि नेमका त्याच वर्षी थोरल्यांना बाहेर पडायचं होतं. जागेचे भाव मधल्या काळात चढले होते. जुन्या आकड्यावर सहा महिने घासाघीस चालली. तरी सुरुवात करायला काहीतरी आकडा हातात होता.

मासिक बैठकीचंही तेच. दुसऱ्या शनिवारी कारखान्यात बसतो, घरी नाही. घरी बसलं की चहा, पोरांचे मार्क आणि जुनं काहीतरी निघतं. विषय तीनच असतात: गेल्या महिन्याची उचल कुणी किती घेतली, बँकेचं काय चालू आहे, आणि ५ लाखांवरचा नवीन खर्च. लिहायला आमचा अकाउंटंट असतो, तो घरचा नाही, त्यामुळे कुणाचा आवाज फार चढत नाही. उचल कागदावर दर महिन्याला दिसली की ४० लाख एकदम अंगावर येत नाहीत. बापूंची उचल अण्णांना बहुधा ताळेबंदातच कळली असणार.

विश्रामबागकर
बरोबर ओळखलंत. आणि तोवर कर भरायची तारीख तोंडावर आली होती, त्यामुळे बोलायलाही वेळ नव्हता.

थोरली सून
इतका वेळ वाचत होते. माझ्या सासरीही असाच धंदा आहे, गाव सांगत नाही. तुम्ही सगळे भावांच्या सहीबद्दल बोलताय. आमच्याकडे बँकेने दोन्ही जावांच्याही वैयक्तिक हमी घेतल्यात. राहतं घर आमच्या दोघींच्या नावे आहे, ते गहाण आहे. बैठकीला आम्हाला कधी बोलावलं नाही, सही करायला मात्र मॅनेजर घरी आला. बापूंनी सही अडवली, ती बापूंच्या बायकोला विचारून का? आणि बापू बाहेर पडले तर त्यांच्या बायकोची हमी आपोआप सुटते का?

कोर्टाबाहेर
आपोआप सुटत नाही, ताई. आपसातल्या करारात काहीही लिहा, बँक त्याला पक्षकार नसते. बाहेर पडण्याच्या कराराबरोबरच बँकेचं लेखी हमीमुक्तीपत्र हवं, आणि बँक ते सहसा दुसरी हमी किंवा तारण मिळाल्याशिवाय देत नाही. म्हणून ताळेबंद साहेबांच्या आठ वर्षांच्या हप्त्यांतही एक अट घालावी लागेल: बापूंच्या घरच्या हमी सुटल्याशिवाय त्यांचं भागीदारीतलं निवृत्तीपत्र अमलात येणार नाही. मी आधी चार भागीदार करा म्हटलं, त्यातही हाच धोका आहे. मृणालला पाच टक्के दिले की बँक तिचीही हमी मागेल.

रिटर्न तिकीट
म्हणजे २० हजार हातखर्च आणि दीड कोटीची हमी. छान.

ताळेबंद
अजून एक. विश्रामबागकर, ब्रँडचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे?

विश्रामबागकर
अण्णांच्या. वैयक्तिक. अर्ज केला तेव्हा 'कुणाचं तरी नाव टाकायचं' म्हणून टाकलेलं.

ताळेबंद
मग माझा सगळा हिशेब बदलला. मी ४ कोटींत ब्रँडची दमडीही धरलेली नाही. तो फर्मचा धरला तर बापूंचा आकडा वर जातो. अण्णांचा धरला तर बापूंच्या मुलीने वाढवलेला ब्रँड अण्णांचा, आणि मृत्युपत्र नसेल तर उद्या पुण्याच्या मुलीचाही.

कोर्टाबाहेर
फर्मच्या पैशाने आणि फर्मच्या धंद्यासाठी घेतलेली वस्तू फर्मची, असा युक्तिवाद बापूंना करता येईल. पण रजिस्टरवर अण्णांचं नाव आहे, त्यामुळे ओझं बापूंवर. अण्णांनी राजीखुशीने फर्मच्या नावे असाइनमेंट, म्हणजे लेखी हस्तांतर, करून ट्रेडमार्क कार्यालयाचा टीएम-पी फॉर्म भरला तर एका दुपारचं काम आहे. कोर्टातून करायचं झालं तर किती वर्षं, ते विचारू नका.

माझ्या मते आज या घरात वाटाघाटीला सुरुवात इथूनच व्हावी. अण्णांनी ट्रेडमार्क फर्मला द्यावा, बापूंनी याच आठवड्यात सीसीवर सही करावी. दोघांनाही काहीतरी सोडावं लागतं आणि हंगाम वाचतो. मुलाच्या पगाराचा प्रश्न मग एप्रिल-मेमध्ये, सौदे ओसरल्यावर.

अडत्या
हे पटलं. पण दोघांना एका खोलीत बसवणार कोण? गावाकडं पंच असायचे. अण्णांचे साडूभाऊ चालतील काय?

कोर्टाबाहेर
साडूभाऊ अण्णांचे, बापूंचे कोण?

ताळेबंद
फर्मचा सीएही नको. तो दोघांचं बिल एकाच फर्मकडून घेतो, आणि १९९४ चा करार बहुधा त्याच्याच ऑफिसात टाईप झाला असेल.

फाउंड्री मिरज
बँकेचा निवृत्त अधिकारी बघा. आम्हाला असेच एक मिळाले होते. हळद कळत नसली तरी चालेल, पण दोघांपैकी कुणाचंही कर्ज त्याने मंजूर केलेलं नसावं.

अडत्या
सांगलीत असा माणूस सापडला तर मलाही नंबर पाठवा.

विश्रामबागकर
शोधतोय. बैठकीत ट्रेडमार्कच्या बदल्यात सही हा मुद्दा पहिल्यांदा घेऊ, आणि आठ वर्षांचे हप्ते दुसऱ्यांदा. मृणालने हमीसकट पाच टक्के घ्यावेत का, यावर गटात दोन तट पडणार हे आत्ताच दिसतंय. थोरली सून, तुम्हाला जमलं तर त्या चर्चेला या, नाव सांगायची गरज नाही.

ऊसवाला
सातबारा नाही हे कळलं. पण एमआयडीसीचा प्लॉट एका भावाकडं गेला तर ऑफिसात नोंद बदलायला लागतीच की?

ताळेबंद
लागते, ऊसवालादादा. हिस्सेदारी बदलली की एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात कळवावं लागतं, आणि ते हस्तांतर मानलं गेलं तर परवानगीबरोबर शुल्कही लागतं. प्लॉट घराबाहेर जात नसला तरी आधी लेखी विचारून घ्यावं. मघाच्या हिशेबात तो खर्चही नव्हता. चांगलं आठवण करून दिलंत.